सपाट तळवे, टाचदुखी आणि दिवसभर उभं राहण्याचं काम: या दोनपैकी कोणता बूट ठेवू?

स्नेहल_ग

नमस्कार मंडळी. माझं काम औषधांच्या काउंटरमागे उभं राहण्याचं. सकाळी उभी राहिले की संध्याकाळपर्यंत उभीच. चालणं म्हणाल तर मागच्या कपाटापर्यंत आणि परत. तळवे लहानपणापासून सपाट आहेत, पण त्याचा कधी त्रास नव्हता. गेले काही महिने मात्र उजव्या टाचेने वात आणला आहे. सकाळी पलंगावरून उतरून पहिली पावलं टाकताना टाचेच्या खाली, थोडं आतल्या बाजूला, अशी कळ जाते की भिंत धरावी लागते. जरा हिंडलं की कमी होते आणि दुपारनंतर पुन्हा ठणका सुरू.

डॉक्टरांनी तपासून प्लांटर फॅसायटिस सांगितलं, पोटरीचे आणि तळव्याचे ताण दिले आणि "चांगला आर्च सपोर्ट असलेले बूट घ्या" म्हणाले. चांगला म्हणजे कसा, ते काही कळलं नाही.

आता घरी दोन जोड आहेत आणि दोन्ही परत करायची मुदत आहे. पहिला एकदम मऊ, जाड फोमचा. पाय घातला की रुततो आणि बरं वाटतं. दुसरा टणक आहे, आत कमानीला उंचवटा आहे, पण तो मला टोचतो. पाय रुंद असल्यामुळे हा एक नंबर मोठा घ्यावा लागला. कोणता ठेवू?

दत्तूकाका

स्नेहल, दुसराच ठेव. सपाट पायाला आधार लागतो, मऊपणा नाही. आणि टोचतंय म्हणजे काम करतंय. आठवडाभर सोसलंस की सवय होईल. ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघ, मधला भाग पूर्ण उमटला तर जितका उंच आर्च सपोर्ट मिळेल तितका घ्यायचा, साधा हिशेब आहे.

शिवाय एक्स-रे काढून घे. टाचेचं हाड वाढलेलं असणार, तेच आत टोचतं.

पळता_भुई_थोडी

ताई, दोन्ही परत करा आणि कार्बन प्लेटवाले घ्या. फोम इतका उसळतो की लांब पळल्यावरसुद्धा टाच कळत नाही. माझी आठवड्याची पळण्याची बेरीज वाढली तेव्हा टाच दुखत होती, बूट बदलले आणि थांबली. तुम्ही टाचेवर उतरता की चवड्यावर?

स्नेहल_ग

@पळता_भुई_थोडी, मी पळत नाही हो. उभी राहते.

मोजमाप

बरीच वर्षं इन्सोल आणि बुटांतले बदल करून देण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पळण्याचा बूट आणि उभं राहण्याचा बूट यांच्याकडून मागणी वेगळी असते. पळताना पाय जमिनीला लागतो तो क्षणभर. फोम दबतो, पाय उचलला की परत फुलतो. उभं राहताना पाय उचललाच जात नाही. अनवाणी स्थिर उभं राहिलं की वजनाचा साधारण ६०% भाग टाचांवर येतो आणि तिथेच बसून राहतो. बहुतेक बुटांचा मिडसोल, म्हणजे तळातला मधला जाड थर, ईव्हीए फोमचा असतो, आणि हा फोम सतत भाराखाली हळूहळू बसत जातो. म्हणून दुकानात दहा मिनिटं उभं राहून जो बूट स्वर्ग वाटतो तो दुपारी तीन वाजता तसा राहत नाही. तुमचा पाय दिवसाअखेरी ज्या फोमवर उभा असतो तो सकाळचा फोम नसतोच.

सपाट पायात यात आणखी भर पडते. टाचेचं हाड आतल्या बाजूला कललेलं असतं, म्हणून आतल्या कडेचा फोम जास्त दबतो. तो दबला की टाच आणखी कलते, आणि ती कलली की फोम आणखी दबतो. ओल्या मातीत रोवलेला खांब कलतो तसंच. कमान खाली जाते तसा तळपाय लांबतो आणि टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड पट्टा, म्हणजेच प्लांटर फॅसिया, ताणला जातो. दुखतं ते त्याच्या टाचेकडच्या टोकाला. तुम्ही जी जागा सांगितलीत, खाली आणि आतल्या बाजूला, ती बरोबर तीच.

म्हणून मऊ बूट वाईट असं नाही. वरचा पातळ थर मऊ हवा आणि त्याखालचा मिडसोल घट्ट हवा.

दत्तूकाका, आधार हवा हे तुमचं बरोबर. पण "टोचतंय म्हणजे काम करतंय" हे नाही. ज्या पट्ट्याला सूज आणि ताण आहे त्याच्याच पोटात कडक उंचवटा खुपसला तर दुखणं वाढतं. वाढलेल्या हाडाचं म्हणाल, तर ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते दिसतं. ते दिसलं म्हणून तेच कारण, असं धरता येत नाही.

स्नेहलताई, निकाल द्यायच्या आधी दोन्ही बूट हातात घ्या. एक, बुटाची मागची कड, टाचेला धरून ठेवते ती, अंगठा आणि बोटांत धरून दाबा. ती सहज चेपली तर टाचेला धरणारं काहीच नाही. दोन, टाच एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धरून फडकं पिळतात तसा बूट पिळून बघा. थोडा पिळला जाणं ठीक, पण पिळून दोरी झाली तर परत करा. तीन, टोक वर दाबून बूट वाकवा आणि तो नेमका कुठे वाकतो ते बघा. बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे. कमानीच्या मधोमध वाकणारा बूट टाचदुखीला अजिबात नको, कारण जिथे आधार हवा तिथेच तो दुमडतो.

काय आढळतं ते लिहा.

मुक्ता_फिजिओ

मोजमाप यांच्याशी सहमत. बुटाच्या आधी पायाचीही एक चाचणी करून घ्या. आरशाकडे पाठ करून, किंवा कुणाला मागून बघायला सांगून, दोन्ही टाचा उचला. चवड्यावर गेल्यावर कमान दिसायला लागली आणि टाच आत वळली, तर तुमचा सपाटपणा लवचीक आहे आणि आधाराला तो साथ देतो. कमान तशीच सपाट राहिली तर तो कडक आहे; त्यात कमान जबरदस्तीने उचलायला जाऊ नये, आधार फक्त टेकण्यापुरता. मग एका पायावर उभं राहून टाच उचलता येते का तेही बघा. जमलं नाही आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर घोट्यामागून तळव्याकडे जाणारी स्नायूची दोरी दमलेली असू शकते. तेव्हा नुसत्या बुटावर विसंबू नका, पुन्हा दाखवा.

आणखी एक, काका. ओल्या पायाचा ठसा कमान किती खाली आहे एवढं सांगतो. ती दुखण्याचं कारण आहे की नाही हे ठशावरून कळत नाही. सपाट पायाने आयुष्यभर बिनतक्रार चालणारे भरपूर लोक आहेत.

दत्तूकाका

आमच्या वेळी ठशावरूनच बूट देत. असो, चालू द्या.

निशिगंधा

धागा अगदी वेळेवर आला. माझीही टाच दुखते आणि मीही दिवसभर उभीच असते, प्रयोगशाळेत. पण आर्च सपोर्टचे इन्सोल घालून काडीचा फरक पडला नाही. सकाळी काही वाटत नाही. दिवस चढेल तसं वाढतं आणि घरी आल्यावर अनवाणी फरशीवर टाच टेकवत नाही. टाचेच्या बरोबर मध्यावर दुखतं. इन्सोल चुकीच्या उंचीचा घेतला का मी?

मोजमाप

@निशिगंधा, तुमचा प्रश्न वेगळा वाटतो. अंगठ्याने दाबून बघा. दुखरी जागा टाचेच्या पुढच्या-आतल्या टोकाला असेल तर स्नेहलताईंची जात. अगदी मध्यावर, खोल, खडा लागल्यासारखी असेल आणि सकाळच्या पहिल्या पावलांना त्रास नसेल, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झाली असण्याची शक्यता जास्त. तिथे कमानीला टेकू देऊन काय होणार? तिथे हवा खोल कप असलेला हील-कप, जो ती चरबी बाजूने गोळा करून टाचेखाली ठेवतो, आणि टाचेखाली थोडा मऊ थर. म्हणजे ज्या मऊ बुटापासून मी स्नेहलताईंना सावध करतोय तो तुम्हाला कदाचित चालेल. पण हा अंदाज आहे, एकदा डॉक्टरांना दाखवा.

आणि कुणालाही टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखत असेल, किंवा रात्री निजल्यावर जळजळ, मुंग्या येत असतील, तर बूट शोधत बसू नका, आधी तपासणी.

अनवाणी

एवढा खटाटोप कशाला? आधार देऊन देऊनच पाय आळशी होतात. पायात २६ हाडं आहेत, त्यांना काम करू द्या. पातळ तळव्याचे बूट घाला, घरात अनवाणी फिरा, कमान आपोआप उभी राहील. मी तसंच केलं.

मोजमाप

पायाचे छोटे स्नायू बळकट करावेत, इथपर्यंत तुमच्याशी भांडण नाही. पण ज्या टाचेला आत्ता पहिलं पाऊल सोसवत नाही तिला पातळ तळव्यावर दिवसभर कडक फरशीवर उभं करणं म्हणजे मोडक्या हाताने पाणी उपसायला लावणं. आधी शांत होऊ द्या, मग हळूहळू काढा.

अनवाणी

"आधी शांत होऊ द्या" म्हणणारे आधार कधीच काढत नाहीत, हा माझा अनुभव. दोन वर्षांनी याच धाग्यावर भेटू.

मुक्ता_फिजिओ

यात दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहीजण इन्सोल सोडतात, काहींना उभ्याच्या कामात तो लागतोच. कोण कुठल्या गटात जाईल ते आधी सांगता येत नाही.

स्नेहल_ग

सगळं करून पाहिलं. टाचा उचलल्यावर कमान दिसते, म्हणजे लवचीक. एका पायावर उजवी टाच उचलता येते, दमते पण जमतं.

पहिला मऊ बूट: मागची कड दोन बोटांत कागदासारखी चेपली. पिळल्यावर पूर्ण फिरला. आणि वाकतो बरोबर कमानीच्या मध्यावर! दुसरा: मागची कड घट्ट, फारसा पिळला जात नाही, पुढे वाकतो. म्हणजे कागदावर दुसरा पास. पण टोचण्याचं काय? उंचवटा मला चवड्याच्या जरा मागे लागतो. तिथे असायला हवा का?

मोजमाप

तिथे अजिबात नको. उंचवट्याचा सर्वांत उंच भाग टाचेच्या लगेच पुढे, घोट्याच्या आतल्या हाडाच्या किंचित पुढच्या रेषेत हवा, आणि आतल्या कडेकडून वर येणारा. चवड्याच्या मागे लागतोय म्हणजे अख्खा बूटच तुमच्या पायाच्या पुढे सरकलाय. एक नंबर मोठा घेतला म्हणालात तेव्हाच शंका आली होती.

असं करा. संध्याकाळी, पाय सुजलेला असताना, टाच भिंतीला लावून कागदावर उभ्या राहा. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा बाहेर येतो तिथे खूण करा आणि टाचेपासून तिथपर्यंत मोजा. मग बूट वाकवून जिथे घडी पडते तिथे बाहेरून पेन्सिलची खूण करा, आणि आतून टाचेपासून त्या खुणेपर्यंत पट्टीने मोजा. दोन्ही आकडे सांगा.

स्नेहल_ग

पाय: टाचेपासून सांध्यापर्यंत १७४ मिमी, पूर्ण लांबी २४२. बुटाची घडी: १८६.

मोजमाप

म्हणजे बूट तुमच्या सांध्याच्या १२ मिमी पुढे वाकतो. ४-५ मिमीचा फरक पाय सांभाळून घेतो, १२ नाही. उंचवटाही तेवढाच पुढे गेला. बुटाची चूक नाही, नंबराची आहे. यूकेच्या मापात एक नंबर म्हणजे जवळजवळ साडेआठ मिमी लांबी. रुंदीची अडचण तुम्ही लांबीने सोडवलीत. सपाट पायाचे बहुतेक लोक हेच करतात, कारण दुकानात रुंद माप समोर ठेवलेलं नसतं. हाच बूट एक नंबर लहान पण रुंद मापात मिळतो का ते विचारा. अंगठ्याच्या पुढे एक बोट जागा राहिली की पुरे.

मिळाला नाही तर दुसरी वाट: तितकाच घट्ट, मागची कड पक्की, पण आत उंचवटा नसलेला सपाट रुंद बूट घ्या आणि आधाराचा तयार इन्सोल वेगळा घाला. मापाने बनवलेल्या इन्सोलचा आग्रह मी सुरुवातीला धरत नाही. माझं पोट त्यावर आहे तरी सांगतो, टाचदुखीत तयार आणि बनवलेल्यात फारसा फरक पडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

मुक्ता_फिजिओ

आधार उपयोगी पडेल का हे आधीच जोखायची एक युक्ती: फिजिओकडून कमानीला टेप लावून घ्या आणि त्यावर कामाचे एक-दोन दिवस काढा. टेपने आराम वाटला तर इन्सोलनेही वाटण्याची शक्यता बरी. काहीच फरक नसेल तर इन्सोलवर फार आशा ठेवू नका.

तात्या_वर्कशॉप

मधेच एक अवांतर. मी सेफ्टी शूजमध्ये दिवस काढतो. ईव्हीए बसतो म्हणून मुद्दाम पीयू सोल घेतला, जड पण दमदार. एक जोड कपाटात पडून होता, नवा कोरा. काढून घातला तर तळवा भाकरीसारखा तुकडे तुकडे होऊन पडला. पैसे पाण्यात.

मोजमाप

तात्या, पीयू भाराखाली ईव्हीएपेक्षा उशिरा बसतो हे खरं, उभ्याच्या कामाला तो मला जास्त आवडतो. पण हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते आणि न वापरताही काही वर्षांत तो भुगा होतो. पीयूचा जोड साठवून ठेवायचा नसतो, वापरून संपवायचा. स्टॉकमधला जुना जोड असेल तर तयार केल्याची तारीख बघूनच घ्या.

ईव्हीए बसलाय का हे खालच्या रबरावरून कळत नाही, रबर बरेचदा शाबूत असतं. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून, डोळ्यांच्या पातळीवर बघा. मागची उभी शिवण आत कललेली दिसली, किंवा फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, तर तो जोड कामासाठी संपला. दोन जोड आलटून पालटून घातले तर फोमला फुलायला मधे एक दिवस मिळतो.

स्नेहल_ग

उशिरा लिहितेय. रुंद माप मागवून मिळालं, एक नंबर लहान. घडी सांध्याच्या रेषेत आली आणि उंचवटा आता जाणवतो पण टोचत नाही. टेपने आराम पडला होता, म्हणून तयार इन्सोलही आणला. पहिल्या दिवशी दोनेक तास, मग वाढवत नेला.

सकाळची कळ बरीच कमी आहे. पण आता संध्याकाळी नवाच प्रकार: पायाची बाहेरची कड, करंगळीच्या बाजूची, दुखायला लागली. आणि टाच बुटातून थोडी वर निसटते. दोन्ही पायांना.

दत्तूकाका

सांगितलं होतं, सवय व्हायला वेळ लागतो. सोसायचं.

मोजमाप

सोसू नका. बुटाचा मूळचा इन्सोल काढला का? तो तसाच ठेवून वर दुसरा घातला असेल तर टाच उंचावते आणि मागच्या कडेच्या पकडीतून बाहेर येते, म्हणून निसटते.

बाहेरची कड दुखण्याचं कारण बहुधा आधार जास्त होतोय. बुटात आधीच उंचवटा, त्यावर इन्सोलचा उंचवटा, मग वजन बाहेरच्या कडेवर ढकललं जातं. मूळ इन्सोल ओढून काढा आणि बुटाचा उंचवटा त्या इन्सोलमध्ये होता की खालच्या मिडसोलमध्ये ते बघा. इन्सोलमध्ये असेल तर तो काढून नवा घातला की प्रश्न मिटला. मिडसोलमध्येच असेल तर नवा इन्सोल काढून ठेवा आणि नुसत्या बुटावर काही दिवस काढा.

स्नेहल_ग

दोन्ही एकावर एक होते. मूळचा काढला, तर खाली मिडसोलमध्येच उंचवटा आहे. म्हणजे नवा काढू? पण सकाळची कळ त्यानेच कमी झाली असेल तर?

मोजमाप

बुटाने की इन्सोलने की डॉक्टरांनी दिलेल्या ताणाच्या व्यायामाने, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, तुम्ही तिन्ही एकदमच सुरू केलंत. व्यायाम चालू ठेवा. नवा इन्सोल फक्त डाव्या, न दुखणाऱ्या पायातून काढा आणि मूळचा घाला. डाव्या पायाची बाहेरची कड थांबली का बघा. थांबली तर उजव्यासाठी कमी उंचीचा शोधू. दोन्ही पायांच्या उंचीत फरक फार वाटला, कंबर बोलायला लागली, तर लगेच थांबवा.

निशिगंधा

माझं जरा बाजूला पडलं. हील-कप घेतला, फरशीवर बरं वाटतंय. पण तो घातल्यावर बूट पुढून घट्ट होतो. मी पण एक नंबर मोठा घेऊ का?

मोजमाप

नको! रुंद किंवा आतून खोल बूट बघा. पायाची आणि घडीची मापं टाका, मग बोलू.